सेटिरिझिन घेऊनही झोप का येते? फार्मसीच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोलीत फार्मसी चालवते. चवथ जवळ आली की घराघरांत माळे उतरवले जातात, वर्षभर बंद असलेल्या पेट्या उघडतात, पावसाने ओल धरलेल्या भिंती घासल्या जातात. त्या दोन आठवड्यांत शिंका, नाक गळणे आणि अंगावर पित्त उठणे यांच्या गोळ्या सर्वांत जास्त जातात. त्यांच्यासोबत एक तक्रारही हमखास येते: "ताई, ही नवी गोळी, झोप येत नाही म्हणून दिलीत, पण मी दुपारी बसल्या जागी पेंगत होतो." या तक्रारीत तथ्य आहे. काउंटरवर गर्दीत तिचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सेटिरिझिनला "झोप न आणणारी" म्हणतात, मग झोप येतेच कशी?

कारण ती कमी झोप आणते, अजिबात आणत नाही असे नाही. अमेरिकेत या औषधासोबत जी अधिकृत माहिती छापतात, तिच्यात हे आकड्यांत दिले आहे. मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांत 10 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या 100 पैकी 14 जणांना झोप आल्यासारखे वाटले. 5 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण 11 होते. औषधच नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांतही 6 जणांनी तीच तक्रार केली.

या तीन आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. सातातल्या एकाला झोप येते, म्हणजे तुम्हाला येत असेल तर तुमच्यात काही विपरीत नाही. आणि औषध नसतानाही सहा जण पेंगतात, याचा अर्थ थोडी झोप त्या ॲलर्जीचीच असते. नाक चोंदलेले असले की रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, झोप तुटत राहते आणि दुसरा दिवस जड जातो. म्हणून गोळीला दोष देण्याआधी मी नेहमी विचारते: गोळी सुरू करण्यापूर्वी दुपारी डोळे मिटत होते का?

पण ती झोप येते कशामुळे?

शिंका आणि खाज ज्याच्यामुळे येते ते हिस्टामिन शरीरात फक्त त्रासच देत नाही. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो दिवसभर हिस्टामिन सोडत राहतो आणि आपल्याला जागे ठेवतो. नाकात हिस्टामिन ज्या जागी जाऊन बसते, जवळजवळ तशाच जागा मेंदूतही आहेत. गोळी त्या जागा अडवते. नाकातली जागा अडली की शिंक थांबते, मेंदूतली अडली की जागेपण उतरते.

त्यामुळे प्रश्न फक्त एवढाच उरतो की गोळी मेंदूत किती शिरते. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे तेलात सहज विरघळतात आणि मेंदूभोवतीचा पडदा बिनदिक्कत ओलांडतात. सेटिरिझिनच्या रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, म्हणून त्याला हा पडदा ओलांडणे जड जाते. त्यातूनही जे आत शिरते, त्यातले बरेचसे पडद्यातली प्रथिने पंपासारखी बाहेर ढकलतात. तरी थोडे आत राहते. मेंदूची खास छायाचित्रे काढून हे मोजले गेले आहे. 10 मिलिग्रॅम सेटिरिझिन घेतल्यावर मेंदूतल्या साधारण आठातली एक जागा अडते. 20 मिलिग्रॅम घेतले तर चारातली एक. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर जवळजवळ एकही अडत नाही, आणि जुन्या औषधांनी निम्म्याहून अधिक अडू शकतात.

याच्या मागे एक जुने नाते आहे, आणि ते ग्राहकांना सांगितले की त्यांना पटकन उमगते. हायड्रॉक्सिझिन हे 1950 च्या दशकातले औषध आजही खाजेवर आणि घबराटीवर देतात, आणि ते चांगलीच गुंगी आणते. यकृत या औषधाचे रूपांतर करते तेव्हा तयार होणारा पदार्थ म्हणजेच सेटिरिझिन. बेल्जियमच्या कंपनीने तो वेगळा काढून 1980 च्या दशकात औषध म्हणून आणला. त्या रूपांतरात गुंगीचा बराचसा भाग गळून गेला, पण सगळा गेला नाही.

माझ्या भावाला काहीच होत नाही, मलाच का?

पडद्यातले ते पंप सगळ्यांचे सारखे काम करत नाहीत आणि प्रत्येकाचा मेंदूही सारखा नाही. हा भाग आपल्या हातात नाही. पण माझ्या अनुभवात बहुतेकांच्या झोपेमागे दुसरेच काही सापडते: आदल्या रात्रीची अपुरी झोप, सोबत घेतलेले दुसरे औषध, मंदावलेले मूत्रपिंड, किंवा गोळी घेण्याची चुकीची वेळ. या चारांवर उपाय करता येतो.

रात्री घ्या असे सांगतात. किती वाजता?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि उत्तर खरोखर उपयोगी पडते. सेटिरिझिन पोटात गेल्यापासून तासाभरात रक्तात सर्वाधिक होते. नंतर साधारण आठ-नऊ तासांनी ते निम्मे होते, पुढच्या आठ-नऊ तासांत पुन्हा निम्मे. ॲलर्जीवरचा परिणाम मात्र जवळजवळ चोवीस तास टिकतो, म्हणून दिवसातून एकदाच पुरते.

सकाळी आठला गोळी घेतली तर नऊ वाजता, म्हणजे तुम्ही स्कूटरवरून पणजीच्या वाटेवर असताना, औषध शिखरावर असते. संध्याकाळी पाचला अजून निम्मे बाकी. तीच गोळी रात्री नऊला घेतली तर शिखर दहा वाजता, अंथरुणावर पडल्यावर, येते आणि पहाटे सहापर्यंत ते निम्म्यावर आलेले असते. पण "रात्री" म्हणजे मालिका संपल्यावर साडेअकराला असे धरले आणि सकाळी सहाला उठलात, तर उठताना निम्म्याहून अधिक औषध अंगात असते. सकाळी डोके जड वाटण्याची तक्रार करणाऱ्या कित्येकांची गोष्ट इथेच सुटते. गोळी संध्याकाळी सात-आठला, जेवणाच्या सुमारास घ्या. जेवणाने परिणाम सुरू व्हायला किंचित उशीर होतो, बाकी फरक पडत नाही.

अर्धी गोळी चालेल का?

सेटिरिझिनच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळीवर मधोमध चीर असेल तर ती मोडता येते, आणि 5 मिलिग्रॅम ही मान्य मात्रा आहे, अर्धवट उपाय नव्हे. सौम्य त्रासाला ती अनेकांना पुरते. मात्र वरचे आकडे पाहा: 14 वरून 11, एवढाच उतार. ज्याला 10 मध्ये गाढ झोप येते त्याने 5 मध्ये ती पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नये. दोन औषधे एकत्र असलेली गोळी स्वतःहून मोडू नका.

उलटी चूकही होते. एका गोळीने शिंक थांबली नाही म्हणून दुसरी घेतात. मेंदूतल्या अडलेल्या जागा त्याने दुप्पट होतात, नाकाला मात्र तेवढा फायदा होत नाही. अंगावर वारंवार पित्त उठणाऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञ कधी जास्त मात्रा देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली.

लेव्होसेटिरिझिन तर आणखी नवी आहे. ती घेऊ का?

सेटिरिझिनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू सारख्या प्रमाणात असतात. काम त्यांतला एक करतो. तोच वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन. म्हणून तिची 5 मिलिग्रॅमची गोळी सेटिरिझिनच्या 10 च्या बरोबरीची आहे, अर्धी नाही. झोपेच्या बाबतीत फार फरकाची अपेक्षा धरू नका. आणि दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतून या दोन्ही एकाच वेळी घेणारी माणसे मी पाहिली आहेत. पाकिटावरची मोठ्या अक्षरांतली नावे वेगळी असतात, म्हणून खालची बारीक अक्षरे वाचा.

एखादे खरे उदाहरण सांगाल?

गेल्या वर्षी चवथीच्या आठवडाभर आधी आलेल्या एका ग्राहकाचे सांगते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय छत्तीस, वेर्णे औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम, यंत्रावर उभे राहायचे. माळा साफ केल्यापासून शिंका थांबेनात. डॉक्टरांनी लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट यांची एकत्र गोळी "रात्री एक" अशी लिहून दिली होती. तो म्हणाला, "गोळीने नाक बरे आहे, पण काल यंत्रासमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. गोळी बदलून द्या."

मी आधी गोळी बदलली नाही, त्याला सगळी औषधे काउंटरवर ठेवायला सांगितले. खिशातून आणखी एक पट्टी निघाली: साधी सर्दीची गोळी, सकाळ-संध्याकाळ, एका मित्राने दिलेली. तिच्यात पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामिन होते. म्हणजे नव्या गोळीवर जुनीही चालू होती. क्लोरफेनिरामिन निम्मे व्हायला जवळजवळ एक दिवस घेते. रोज दोनदा घेतले की आदल्या दिवसाचे अंगात असतानाच नवे येऊन पडते. त्याची झोप बहुतांशी या पट्टीची होती.

दुसरी गोष्ट पाळीची. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती, अकरा ते सात. "रात्री एक" म्हणून तो नऊला गोळी घेऊन बसमध्ये बसत होता, म्हणजे औषध शिखरावर असतानाच कामाला निघत होता. चिठ्ठीतला "रात्री" हा शब्द दिवसा काम करणाऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो. या माणसाची रात्र सकाळी साडेनऊला सुरू होत होती.

आम्ही एका वेळी एकच बदल करायचे ठरवले, म्हणजे कशाने काय झाले ते कळेल. डॉक्टरांना फोन करून विचारले आणि आधी सर्दीची पट्टी बंद केली. क्लोरफेनिरामिन उतरायला वेळ लागतो म्हणून तीन दिवस थांबलो. त्याने रोज पाळीच्या मध्यावर झोपेला शून्य ते दहा असे गुण दिले. आधी आठ होते, तिसऱ्या दिवशी पाच झाले. मग गोळीची वेळ हलवली: पाळीवरून घरी आल्यावर सकाळी नऊला, झोपण्याआधी. रात्री अकराला कामावर उभा राहीपर्यंत चौदा तास झालेले असतात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी औषध उरते. गुण तीनवर आले.

अडचण पुढच्या आठवड्याची होती, कारण पाळी बदलणार आणि गोळीची वेळ पुन्हा उलटी करावी लागणार. अशा बदलात एकाच चोवीस तासांत दोन गोळ्या जाण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांनीच औषध बदलले: फेक्सोफेनाडिन 120 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, आणि नाकात फ्लुटिकासोनचा फवारा. दमा नव्हता म्हणून मॉन्टेलुकास्ट बंद केले. त्या औषधाने काहींना भयानक स्वप्ने पडतात, मन अस्वस्थ होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला आणि साध्या ॲलर्जीच्या सर्दीत ते दुसरा उपाय चालत नसेल तरच द्यावे असे सांगितले. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा झोपेचे गुण एक होते. तो एक, त्याच्या मते, रात्रपाळीचाच.

मग सगळ्यांनीच फेक्सोफेनाडिन का घेऊ नये?

वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांना, आपल्या मोटारसायकल पायलटांना, फेरीबोटीवर काम करणाऱ्यांना मी डॉक्टरांशी आधी हेच बोलायला सुचवते. लोराटाडिन 10 मिलिग्रॅम आणि बिलास्टिन 20 मिलिग्रॅम हेही मेंदूत फार कमी शिरणारे पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांच्या नोंदी 2000 साली छापल्या गेल्या. त्यांत लोराटाडिनच्या तुलनेत सेटिरिझिनवर गुंगीच्या तक्रारी साधारण साडेतीन पट आढळल्या, जरी एकूण प्रमाण कमीच होते.

पण यांच्याही अटी आहेत. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतले तर आतड्यातून रक्तात कमी जाते. गोळी पाण्याबरोबरच घ्या. ॲसिडिटीसाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ औषध घेत असाल तर दोहोंत दोन तास ठेवा. बिलास्टिन उपाशीपोटी, म्हणजे खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे लागते. "नव्या गोळीने काहीच होत नाही" असे म्हणणारे बरेच जण ती नाश्त्याबरोबर घेत असतात. आणि काहींच्या अंगावरच्या खाजेला सेटिरिझिनच सर्वांत चांगले लागू पडते. त्यांनी औषध टाकण्याऐवजी वेळ बदलून पाहावी.

मला पेंग येत नाही. मग गाडी चालवली तर चालेल ना?

पेंग न जाणवणे पुरेसे नाही. अमेरिकेत आयोवा येथे 2000 साली चाळीस जणांना वाहन चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर बसवले होते. डायफेनहायड्रामिन या जुन्या औषधाने त्यांचे चालवणे काही बाबतींत दारूपेक्षाही बिघडले. आणि ज्यांना झोप आल्यासारखे वाटत होते तेच वाईट चालवत होते असेही नव्हते. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांचे चालवणे औषध न घेतल्यासारखेच राहिले. हा प्रयोग सेटिरिझिनवर नव्हता, पण त्यातून एवढे नक्की कळते की स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्या. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना तीच ओळ पुन्हा वाचावी लागते का, कोणी हाक मारल्यावर ओ द्यायला वेळ लागतो का, हे घरच्यांना पाहायला सांगा. बऱ्याच जणांची झोप पहिल्या काही दिवसांनंतर कमी होते. तोपर्यंत घाटातून स्कूटर नको.

हुर्राकाचे दिवस आहेत. एक पेला घेतला तर?

नको. हुर्राक आणि गोळी दोन्ही त्याच जागेपणावर घाला घालतात, आणि हुर्राकाची ताकद भट्टीगणिक बदलते, त्यामुळे "एक पेला" म्हणजे किती हे कोणीच सांगू शकत नाही. झोपेच्या गोळ्या, फिट्सची काही औषधे, कोडीनचे खोकल्याचे औषध यांनाही हेच लागू आहे. चहा-कॉफीने तासभर तरतरी येते, मेंदूतले औषध कमी होत नाही.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला हीच गोळी देऊ का?

आधी तिच्या रक्ताच्या तपासणीतला क्रिएटिनिन पाहा, त्यावरून मूत्रपिंड कसे चालते ते कळते. सेटिरिझिनचा मोठा हिस्सा जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. मूत्रपिंड मंद असेल तर औषध निम्मे व्हायला आठ-नऊ तासांऐवजी कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि रोजची गोळी आदल्या दिवशीच्या औषधावर साठत जाते. अशा वेळी मात्रा 5 मिलिग्रॅमवर आणतात, मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर एक दिवसाआड. लेव्होसेटिरिझिनचीही मात्रा कमी करावी लागते, पण तिचे 5 मिलिग्रॅम ही पूर्ण मात्रा असल्याने किती कमी करायची ते डॉक्टरच ठरवतात.

ओळखायचे कसे? पहिल्या दिवशी ठीक, मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून आई दिवसा जास्त झोपू लागते, बोलणे संथ होते, चालताना तोल जातो. दिवसांगणिक वाढत जाणारी झोप ही साठण्याची खूण आहे. पावसात शेवाळ धरलेल्या अंगणात असा तोल गेला तर खुब्याचे हाड मोडते, म्हणून मी इथे कधीच अंदाजाने गोळी देत नाही. क्रिएटिनिनची तपासणी सरकारी इस्पितळातही होते. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

गोळी कमी लागावी म्हणून काय करता येईल?

नाकाचाच त्रास मोठा असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा फवारा गोळीपेक्षा जास्त काम करतो, आणि त्याने झोप येत नाही. अट एवढीच की तो रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. लोक दोन दिवसांत सोडून देतात. मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे धरा, म्हणजे नाकातून रक्त येण्याची शक्यता कमी होते. दरवर्षी चवथीला त्रास होतो हे माहीत असेल तर साफसफाईच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून सुरू करा. माळा साफ करताना ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

बंद केल्यावर खाज सुटली. सवय लागली का?

व्यसन नव्हे, पण हे खरे आहे. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन् महिने रोज घेऊन अचानक बंद केल्यास काहींना काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2025 मध्ये याबद्दल इशारा दिला. ती जुनी ॲलर्जी परतली असे समजून लोक पुन्हा गोळी धरतात आणि झोपेचा त्रासही परत येतो. दीर्घकाळ घेत असाल तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा, उदाहरणार्थ रोजऐवजी एक दिवसाआड. मात्र खाजेबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घेताना घरघर झाली, तर हा गोळी सोडल्याचा परिणाम समजून थांबू नका. लगेच 108 ला फोन करा.